दोन हजार मान म्हणजे किती? : दुभाष्याच्या एका दिवसाचा हिशेब

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ झाला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलता बोलता सांगितलेलं थोडं नीट लावून घेतलंय, बाकी तसंच.

मी भुकूमला राहते आणि जपानी भाषेची फ्रीलान्स दुभाषी म्हणून काम करते. पिरंगुटचे कारखाने जवळच आहेत, पण कामं जास्त चाकणकडची. म्हणजे सकाळी पौड रोडने चांदणी चौक गाठायचा आणि तिथून पुढे हायवे. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "ताई, एन२ झालंय, आता मीटिंगची कामं घेऊ का?" म्हणून आज सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

पहिल्याच वर्षातली गोष्ट. एका कारखान्यात मशीनच्या किमतीवर बोलणी चालली होती. जपानी साहेब म्हणाले, "निसेन्मान एन." मी सांगितलं, वीस लाख येन. आपल्याकडच्या मंडळींचे चेहरे एकदम खुलले. तेवढ्यात मला जाणवलं की आकडा चुकला. निसेन्मान म्हणजे दोन हजार मान, आणि एक मान म्हणजे १० हजार. म्हणजे दोन कोटी! मी लगेच हात वर केला, "माफ करा, आकडा माझ्याकडून चुकला, दोन कोटी येन," असं सांगितलं आणि तेच जपानीतही सांगितलं. चूक कळल्यावर गप्प बसायचं नाही, आणि ती माझी चूक आहे, बोलणाऱ्याची नाही, हे दोन्ही बाजूंना कळलं पाहिजे.

भाषा येत असूनही असं का होतं? कारण आपण हजार, लाख, कोटी असं मोजतो आणि जपानी माणूस मान, ओकू असं मोजतो. मान म्हणजे १० हजार, ओकू म्हणजे १० कोटी. बोलण्याच्या वेगात डोक्यात गुणाकार करायला गेलात की शून्य निसटणारच. म्हणून मी गुणाकार सोडला आणि एक युक्ती धरली. मानच्या आकड्यातलं शेवटचं एक शून्य काढायचं, की लाख मिळतात. २००० मान म्हणजे २०० लाख, म्हणजे दोन कोटी. ओकूला उलट, एक शून्य जोडायचं, की कोटी मिळतात. ३ ओकू म्हणजे ३० कोटी. आणि आकडा तोंडाने सांगण्याआधी कागदावर लिहायचा. तरीही शंका आली तर सरळ विचारायचं. किमतीच्या आकड्यावर पुन्हा विचारलं म्हणून कोणी रागावत नाही.

तयारी

काम ठरलं की मी चार गोष्टी मागते: अजेंडा, पीपीटी, मागच्या मीटिंगचे मिनिट्स आणि येणाऱ्यांची नावं हुद्द्यासकट. चारपैकी मिनिट्स सगळ्यात उपयोगी, कारण भांडण कुठे अडलंय ते त्यात दिसतं. "पाठवतो पाठवतो" म्हणून आदल्या रात्रीपर्यंत काहीच आलं नाही, तर कंपनीची वेबसाइट आणि त्या पार्टचे व्हिडिओ बघते.

मग साधारण चाळीस शब्दांची यादी करते, तीन रकान्यांत: जपानी, इंग्रजी आणि शॉपफ्लोअरवरचा शब्द. तिसरा रकाना पुस्तकात मिळत नाही. उदाहरणार्थ, जपानीत 'बारी' म्हणजे धातूच्या कडेला राहिलेला धारदार भाग. आपल्याकडे ऑपरेटर त्याला 'बर' म्हणतो. तिथे तुम्ही शुद्ध मराठी प्रतिशब्द वापरलात तर तो तुमच्याकडे नुसता बघत राहील. नवीन कारखाना असेल तर मी अर्धा तास आधी पोचते आणि तिथल्या इंजिनिअरला विचारून घेते की याला तुम्ही काय म्हणता.

नोट्स

मीटिंगमध्ये बहुतेक वेळा समोरचा बोलून थांबतो आणि मग आपण सांगतो. तो कधी एक वाक्य बोलेल, कधी सलग तीन मिनिटं. शब्दन् शब्द लिहायला गेलात तर ऐकणं बंद पडतं. जाँ-फ्रांस्वा रोझाँ यांनी १९५६ मध्ये जिनिव्हात यावर छोटं पुस्तक लिहिलं. शब्द लिहू नका, कल्पना लिहा, आणि आडवं न लिहिता वरून खाली उतरत जा, हे त्यातलं मुख्य. आजही दुभाष्यांना तेच शिकवतात.

समजा साहेब म्हणाले, "मोल्ड दुरुस्तीला गेल्यामुळे मागच्या महिन्यात माल तीन आठवडे उशिरा आला. ऑक्टोबरपासून आठवड्याला ५०० नग देऊ, पण १५ तारखेपर्यंत तुम्ही ड्रॉइंग मंजूर केलं नाही तर ते जमणार नाही." माझ्या वहीत एवढंच असतं:

```
उशीर ३ आ
   ← मोल्ड दुरु.
ऑक्टो → ५०० / आ
   पण
   ड्रॉ. ओके १५ ✗ → ✗
```

यात आकडे आहेत, 'कशामुळे' दाखवणारा बाण आहे, आणि 'पण' आहे. बाकीचं लक्षात राहतं. 'पण' सुटला तर अटीवर दिलेलं वचन बिनशर्त होऊन बसतं, आणि पुढच्या मीटिंगला त्यावरूनच वाद होतो. नकारावरही लक्ष ठेवा. जपानीत तो वाक्याच्या अगदी शेवटी येतो. मराठीतही तसंच असल्यामुळे आपल्याला सोपं जातं. इंग्रजीत सांगायचं असेल तर मात्र वाक्य पुरं होईपर्यंत थांबावंच लागतं.

मीटिंग संपली की नोट्सची पानं घरी आणायची नाहीत. त्यांच्यासमोर फाडायची किंवा त्यांच्याकडे द्यायची.

पैसे

आता तुमचा आवडता भाग. फी तासावर नसते. अर्धा दिवस म्हणजे चार तास आणि पूर्ण दिवस म्हणजे आठ तास, अशी असते. जेवणाचा तासही त्यात धरायचा, कारण जेवताना सगळे बोलतात आणि तुम्ही घास हातात धरून भाषांतर करत असता.

हिशेबाला सोपं म्हणून दिवसाचे ८,००० धरू. काम नऊ ते पाच ठरलं होतं, पण सात वाजले. जादा तासाला दीडपट, म्हणजे १,५०० प्रमाणे ३,०००. फी झाली ११,०००. प्रवासाचे १,२०० बिल जोडून वेगळे. फीवर १० टक्के टीडीएस कापला, तर १,१०० जातील आणि खात्यात ११,१०० येतील. कापलेले पैसे 26AS मध्ये दिसतायत ना ते बघा आणि रिटर्न भरताना हिशेबात धरा.

आता दुसरी बाजू. तिथे दहा तास, जाण्यायेण्यात तीन, तयारीत सहा. एकूण १९ तास. ११,००० भागिले १९, म्हणजे तासाला ५८० च्या आसपास. दर सांगताना हा आकडा डोक्यात ठेवा, "दिवसाचे आठ हजार?" असं कोणी भुवया उंचावून म्हटलं तरी. अर्ध्या दिवसाची फीसुद्धा निम्म्याहून जास्त ठेवा, कारण भुकूमहून चाकणला जाऊन आल्यावर त्या दिवशी दुसरं काम होत नाही.

मोठ्या कार्यक्रमात वक्ता बोलत असतानाच बूथमधून भाषांतर करायचं असतं. तिथे दोन दुभाषी लागतात आणि दर वीस-तीस मिनिटांनी बदलतात, कारण त्यानंतर चुका वाढतात. "एकट्यानेच करा, थोडे जास्त देतो," असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा.

शेवटी, हे सगळं कामाआधी ईमेलवर लिहून घ्या: तास, जादा तासाचा दर, प्रवास, पैसे किती दिवसांत, आणि काम रद्द झालं तर काय. मी लिहिते, ४८ तासांच्या आत रद्द केलं तर निम्मी फी, त्याच दिवशी केलं तर पूर्ण. एकदा हे फोनवरच ठरवलं होतं. गाडी चांदणी चौकात असताना मीटिंग रद्द झाल्याचा फोन आला आणि हातात फक्त पेट्रोलचं बिल राहिलं.