सौदा कोणाच्या सांगण्यावरून झाला?

समजा, सकाळी 9.40 ला तुम्ही ब्रोकरच्या डीलरला फोन केलात : ‘दोनशे शेअर 640 ला विकायला लावा.’ संध्याकाळी एक्स्चेंजचा एसएमएस आला, तर विक्री 612 ला झालेली. शेअरमागे 28 रुपये, म्हणजे 5,600 रुपयांचा फरक. डीलर म्हणतो, ‘बाजार पडत होता, म्हणून काढून टाकले.’

आधी काँट्रॅक्ट नोट उघडा. सौद्यापासून 24 तासांच्या आत ती ब्रोकरने द्यायची असते. तिच्यावर ऑर्डरची वेळ, सौद्याची वेळ आणि भाव छापलेले असतात. 640 ची लिमिट असलेली विक्री त्याखालच्या भावाला होऊच शकत नाही. म्हणजे कोणीतरी लिमिट बदलली किंवा ऑर्डर मार्केट भावाला लावली. मात्र तुम्ही स्वतःच ‘मार्केटला विका’ म्हटले असेल, तर त्या क्षणी मिळेल तो भाव घ्यावा लागतो आणि अशी तक्रार बहुधा टिकत नाही.

ऑर्डरची वेळ 10.07 असेल, तर त्याआधी तुमचा फोन, ईमेल किंवा मेसेज गेला होता का, हाच खरा प्रश्न आहे. ऑर्डर ग्राहकानेच दिली याचा पुरावा ब्रोकरने जपून ठेवावा, असे सेबीने 2018 पासून बंधनकारक केले आहे. फोनचे रेकॉर्डिंग, सही केलेली चिठ्ठी, ईमेल किंवा ऑनलाइन ऑर्डरची लॉग नोंद यांपैकी काहीतरी त्याच्याकडे हवे. वाद झाला तर सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच. सौदा झाल्यावर फोन करून ‘ठीक आहे ना?’ विचारले, तर ती ऑर्डर ठरत नाही. पण त्या फोनवर नुसते ‘हो हो’ म्हटलेत, तर तेच पुढे तुमच्याविरुद्ध वापरले जाते.

म्हणून त्याच दिवशी ब्रोकरच्या तक्रार निवारणाच्या ईमेलवर लिहा. सौदा कोणता, ऑर्डर नंबर काय, तुम्ही नेमके काय सांगितले होते आणि नुकसान किती, एवढे पुरे. शेवटी ‘या ऑर्डरआधीचे रेकॉर्डिंग द्या’ अशी स्पष्ट मागणी करा. उत्तराने समाधान झाले नाही, तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर जा. तिथे ब्रोकरला 21 दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्यानेही भागले नाही, तर ‘स्मार्ट ओडीआर’ पोर्टलवर आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि मग लवाद निर्णय देतो.

तिथे ग्राहक हरतो तो बहुतेकदा गप्प राहिल्यामुळे. महिनोन्महिने एसएमएस आणि काँट्रॅक्ट नोटा येत राहिल्या आणि तुम्ही काही बोलला नाहीत, तर सौदे तुम्हाला मान्य होते, असा अर्थ सहज काढला जातो. ‘पुढच्या सौद्यात भरून देतो’ या डीलरच्या शब्दावर थांबू नका. आधी ईमेल पाठवा, बोलणी नंतर करा.