सूट कोणाच्या सहीने?

ठोक विक्रीच्या एका दुकानाचे उदाहरण घेऊ. काउंटरवरचा कारकून ऑर्डर भरतो: ४० खोकी, दर १,२५० रुपये, एकूण ५०,०००. गिऱ्हाईक जुने आहे, बारा टक्के सूट मागते. कारकून आकडा टाकतो, पण बिल निघत नाही. ऑर्डर ‘मंजुरी बाकी’ म्हणून मॅनेजरच्या यादीत जाते. त्याने होकार दिला की ४४,००० चे बिल छापले जाते.

यामागची पद्धत १९९२ साली अमेरिकेत डेव्हिड फेराओलो आणि रिचर्ड कून यांनी मांडली. अधिकार माणसाला नव्हे, भूमिकेला द्यायचे. कारकून बदलला तरी ‘कारकून’ या भूमिकेचे अधिकार तेच राहतात.

बरेच जण कारकुनाच्या पडद्यावरून मंजुरीचे बटण काढतात आणि निर्धास्त होतात. ते पुरेसे नाही. प्रत्येक मंजुरीच्या वेळी सर्व्हरनेच भूमिका तपासायला हवी.

खरी गंमत मंजुरीनंतर होते. कारकुनाने त्याच ऑर्डरीत ४० ची ६० खोकी केली, तर सूट ६,००० वरून ९,००० होते आणि मॅनेजरला पत्ताही नसतो. म्हणून नग, दर किंवा सूट यांपैकी काहीही बदलले की जुनी मंजुरी आपोआप रद्द व्हावी लागते. मॅनेजरने स्वतः भरलेली ऑर्डरही दुसऱ्याच मॅनेजरकडे जावी.

आणि मॅनेजरचा पासवर्ड कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर असेल तर? नोंदवही बघावी. मॅनेजर रजेवर असताना त्याच्या नावाने, तेही काउंटरच्याच संगणकावरून मंजुऱ्या पडलेल्या दिसतात.