साळसूद, सुईफेक्या की सळसळ्या?

मुलांच्या चित्रपट्टीतल्या प्राण्यांची नावं अनुप्रासात बसवणं सोपं असतं. पण नाव घेताच त्या प्राण्याची सवय डोळ्यांसमोर यावी, तिथे खरी कसोटी लागते. 1940 साली अमेरिकेत पडद्यावर आलेल्या वुडी वुडपेकरला हे दोन्ही साधलं, कारण लाकूड टोचणाऱ्या पक्ष्याच्या नावातच लाकूड आलं. आपल्याकडे अनंत पै यांनी 1980 साली सुरू केलेल्या ‘टिंकल’मध्ये कालिया कावळा आहे. ‘क’ला ‘क’ छान जुळतो, पण कालिया म्हटल्यावर कळतो तो फक्त रंग. त्याच मालिकेतल्या मगरीचं नाव डुब डुब. इथे अनुप्रास मगरीशी जुळत नाही, तरी पाण्यात बुडी मारणारं कुणीतरी आहे हे पोराला लगेच समजतं.

आता साळिंदराचं बारसं करून पाहू.

पहिलं सुचतं ते ‘साळसूद साळिंदर’. कानाला गोड, पण साळसूद तर सरडा, ससा, सांबर कुणीही असेल. मग ‘सुईफेक्या साळिंदर’? यात सवय आहे, पण ती खोटी. साळिंदर काटे फेकत नाही. ते काटे फुलवतं, पाठ वळवतं आणि मागे सरकत शत्रूवर चाल करतं. अंगाला भिडल्यावर सैल बसलेले काटे त्याच्यात रुतून राहतात. बाणांसारखे सुटणारे काटे ही जुनी दंतकथा आहे, आणि मुलांच्या अंकातून ती पुन्हा पेरण्याचं काही कारण नाही.

‘सळसळ्या’ मात्र चपखल बसतं. साळिंदराच्या शेपटीवर काही पोकळ काटे असतात आणि धोका दिसला की ते हलवून हा प्राणी खुळखुळाट करतो. चित्रकाराला त्यातून आवाजाचं अक्षर आयतं मिळतं, लेखकाला विनोद: लपाछपीत सळसळ्या प्रत्येक वेळी पकडला जाणार. उलटी चाल तर चित्रासाठी सोन्याहून पिवळी, कारण भांडताना याचं तोंड एकीकडे आणि मोर्चा दुसरीकडे!

पण एक नाव जमलं म्हणून सगळी पलटण ‘स’ची करू नये. सळसळ्या, सुस्तोबा, सरसर्‍या एका चौकटीत आले की नुकतं वाचायला शिकलेलं मूल गोंधळतं. म्हणून जोडीदार वेगळ्या अक्षराचा हवा, उदाहरणार्थ ‘टेहळी टिटवी’. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, जरा कुणी फिरकलं की ओरडून रान उठवते, अगदी रात्रीसुद्धा. साळिंदरही रात्रीच बिळाबाहेर पडतं, तेव्हा दोघांची गाठ घालायला वेगळी सबब शोधावी लागत नाही. पहिल्या चौकटीत टिटवीचा आरडाओरडा, दुसरीत दबा धरलेला बिबट्या, तिसरीत खुळखुळाट आणि चौथीत बिबट्याच्या नाकाशी पाठमोरा येऊन भिडणारा सळसळ्या.