इनपुट शून्य, तरी आउटपुट चार

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत एक जोडी नेहमी दिसते: एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर आणि आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड. सेन्सर दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. बोर्ड ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, त्यामुळे त्याची एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची, तापमानात सांगायचं तर जेमतेम अर्ध्या अंशाची असते. येणारं वाचन सारखं एक-दोन पायऱ्या वर-खाली होतं. ते स्थिर दिसावं म्हणून प्रोग्राममध्ये एक ओळ घालतात:

```c
y = y + ((x - y) >> 3);
```

इथे `x` हे नुकतंच आलेलं वाचन आणि `y` हे दाखवायचं उत्तर. दोघांतल्या फरकाचा आठवा भाग दर वेळी `y` मध्ये मिळवायचा, म्हणजे `y` हळूहळू `x` कडे सरकतो आणि मधली थरथर विरून जाते. `>> 3` म्हणजे आकड्याचे बिट तीन घरं उजवीकडे सरकवणं. त्याने ८ ने भागाकार होतो आणि अपूर्णांक उरला तर उत्तर खालच्या पूर्णांकावर येतं.

आता तापमान २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेलं असं धरू. `x` ५१ वरून ७१ वर जातो. पहिला फरक २०, त्याचा आठवा भाग अडीच, पूर्णांकात २. `y` ५३ होतो, मग ५५, ५७, ५८, आणि तिथून एकेक पायरीने ६४ पर्यंत चढतो. आता फरक ७ उरला. त्याचा आठवा भाग एकापेक्षा कमी, म्हणून पूर्णांकात शून्य. `y` मध्ये शून्य मिळवलं जातं आणि तो ६४ वरच राहतो. तास गेला, दिवस गेला तरी तो हलणार नाही. ७१ पायऱ्या म्हणजे ३४.७ अंश आणि ६४ म्हणजे ३१.३, असा साडेतीन अंशांच्या आसपासचा फरक कायमचा पडतो.

चमत्कारिक गोष्ट अशी की तापमान ४५ वरून उतरत ३५ वर आलं, तर हीच ओळ बरोबर ७१ दाखवते. कारण फरक ऋण असतो, आणि उणे एकाचा आठवा भाग खालच्या पूर्णांकावर आणला की शून्य न येता उणे एक येतो. त्यामुळे `y` शेवटच्या पायरीपर्यंत उतरत राहतो. तापताना चुकतं आणि निवताना बरोबर येतं, म्हणून संशय सेन्सरवर जातो. सेन्सर बदलून पाहतात, तारा तपासतात. दोष मात्र त्या एका ओळीतल्या अंकगणितात असतो.

या ओळीला रिकर्सिव्ह फिल्टर म्हणतात, कारण पुढचं उत्तर काढायला ती स्वतःचंच मागचं उत्तर वापरते. नेहमीच्या सरासरीत झालेली छोटी चूक काही वाचनांनंतर बाहेर पडते. इथे ती उत्तराबरोबर परत आत येते, तिच्यावर पुन्हा गुणाकार होतो आणि पुन्हा पूर्णांक करताना तिच्यात नवी भर पडते. गणिताच्या वहीत जो फिल्टर स्थिर आहे, तो ठरावीक बिटांच्या आकड्यांवर चालवला, म्हणजेच फिक्स्ड-पॉइंट केला, की वेगळा वागतो तो यामुळे.

याचं सगळ्यांत स्वच्छ रूप पाहायचं तर इनपुट काढूनच टाकावं. मग उरतं फक्त एवढं: नवं उत्तर = जुन्या उत्तराच्या ७/८. कुठल्याही आकड्यापासून सुरुवात केली तरी हे शून्याकडे जायला हवं. आता दर गुणाकारानंतर जवळच्या पूर्णांकाला राउंड करू आणि नेमका अर्धा आला तर शून्यापासून लांबच्या पूर्णांकावर जाऊ. २० पासून सुरुवात करा. १७.५ चे १८, १५.७५ चे १६, मग १४, १२, ११, १०, ९, ८, ७, ६, ५, ४. चाराच्या ७/८ होतात साडेतीन, राउंड करून पुन्हा चार. इथे गाडी थांबते. खऱ्या गणितात २८ व्या पायरीला उत्तर अर्ध्याच्या खाली गेलेलं असतं, आणि इथे इनपुट शून्य असताना आउटपुटवर चार कायमचा बसलेला आहे.

चारच का, याचं कारण सोपं आहे. ७/८ ने गुणणं म्हणजे आकड्याचा आठवा भाग कमी करणं. हा आठवा भाग अर्धा किंवा त्याहून लहान असेल तर राउंडिंग तो पुरता भरून काढतं. अर्ध्याची आठपट चार, म्हणून शून्याच्या दोन्ही बाजूंना चारपर्यंतचा पट्टा असा आहे की त्यात शिरलेलं उत्तर शून्यावर येत नाही. याला डेड बँड म्हणतात. बेल लॅब्जच्या लेलँड जॅक्सन यांनी १९६९ साली या पट्ट्याचं जे विश्लेषण मांडलं, ते पहिल्या क्रमाच्या फिल्टरपुरतं एवढंच आहे: १ मधून गुणकाची किंमत वजा करा आणि अर्ध्याला त्या वजाबाकीने भागा. गुणक १ च्या जितका जवळ, तितका पट्टा रुंद. ७/८ ऐवजी १२७/१२८ घेतला, म्हणजे फिल्टर अधिक गुळगुळीत केला, तर पट्टा चारावरून ६४ वर जातो. जास्त स्थिर वाचनाच्या हौसेने गुणक वाढवणाऱ्याला ही किंमत बहुतेक वेळा माहीतच नसते.

गुणक उणे ७/८ असेल तर चार एका जागी बसत नाही. +४, −४, +४, −४ असा तो सतत उलटत राहतो. लिमिट सायकल हे नाव या फिरत्या रूपाला अधिक शोभतं. आवाजाच्या यंत्रणेत, दुसऱ्या क्रमाच्या फिल्टरमध्ये, असं चक्र कानाला ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर बसू शकतं. बोलणं चालू असतं तेव्हा ते झाकलं जातं, शांतता झाली की बारीक सूर उरतो.

राउंडिंग सोडून नुसता अपूर्णांक तोडला तर? तेही कसा तोडता यावर आहे. सी भाषेत `7*y/8` लिहिलं तर भागाकार शून्याच्या दिशेने तुटतो, आणि ७ पासून ६, ५, ४, ३, २, १ करत उत्तर शून्यावर पोहोचतं. ऋण बाजूनेही तसंच. पण `(7*y) >> 3` लिहिलं तर धन आकडे शून्यावर येतात आणि ऋण आकडे −७ वर अडकतात. सात साते ४९, उणे ४९ चा आठवा भाग −६.१२५, आणि त्याच्या खालचा पूर्णांक पुन्हा −७. दोन्ही ओळी वाचायला सारख्या वाटतात, म्हणून ही चूक नजरेतून निसटते.

तापमापकावरचा उपाय मी नेहमी सुचवतो तो असा: साठवायचा आकडा आठपट मोठा ठेवा आणि फक्त दाखवताना आठने भागा.

```c
s = s + x - (s >> 3);
y = s >> 3;
```

आता `y` ७० वर असेल तर `s` मध्ये दर वेळी १ ची भर पडत राहते, आणि `s` ५६८ झाला की `y` बरोबर ७१ होतो. वरून उतरतानाही तो ७१ वरच थांबतो. अडकणं पूर्ण संपलं असं नाही, ते `s` च्या खालच्या तीन बिटांत गेलं आहे आणि तिथून बाहेर दिसत नाही. एवढंच की `s` ला जास्त जागा लागते. इथे तो आठ हजारांच्या आसपास जाऊ शकतो, सोळा बिटांत तो आरामात मावतो.

जागेचा हा प्रश्न दुसऱ्या, जास्त विध्वंसक दोषाकडे नेतो. आठ बिटांत −१२८ ते १२७ एवढेच आकडे बसतात. १२७ मध्ये १ मिळवला तर, जुन्या गाडीचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर शून्यावर येतो तसा, आकडा एकदम −१२८ वर जातो. आपल्या ७/८ च्या फिल्टरला आता दर वेळी २० एवढं ठरलेलं इनपुट द्या, भागाकार न करता. गणिताप्रमाणे उत्तर १६० वर स्थिरावलं पाहिजे, पण १६० ला जागाच नाही. २०, ३८, ५३ असं चढत ते १२३ वर येतं. पुढचं उत्तर १२८, जे −१२८ म्हणून साठवलं जातं. मग −९२, −६१, −३३ करत पुन्हा चढण आणि पुन्हा कोसळणं. इनपुट अगदी स्थिर आहे आणि आउटपुट करवतीच्या दातांसारखं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरतंय.

तरी पहिल्या क्रमाच्या फिल्टरची एक बाजू भली आहे. इनपुट काढलं की हा ओव्हरफ्लो थांबतो, कारण कुठल्याही आकड्याच्या ७/८ भाग त्या आकड्याहून मोठा होत नाही, तेव्हा मर्यादा ओलांडायला कारणच उरत नाही. मागची दोन उत्तरं वापरणाऱ्या फिल्टरला ही सवलत नाही. नवं उत्तर = मागच्या दोघांच्या बेरजेच्या उणे ३/४, असा फिल्टर घ्या. गणिताने तो स्थिर आहे. दोन्ही जुनी उत्तरं १०२ असू द्या. बेरीज २०४, तिच्या उणे ३/४ म्हणजे −१५३. आठ बिटांत हे बसत नाही, त्यात २५६ मिळून ते १०३ म्हणून साठवलं जातं. पुढचं उत्तर १०२, त्यापुढचं १०२, मग पुन्हा १०३. बाहेरून काहीही न येता फिल्टर आपल्या ऐंशी टक्के क्षमतेवर कायमचा अडकला.

एबर्ट, माझो आणि टेलर यांनी बेल लॅब्जमधूनच १९६९ साली ओव्हरफ्लोच्या या दोलनांवर निबंध लिहिला. त्यांनी दाखवलेला उपाय आज सिग्नल प्रोसेसिंगच्या बहुतेक चिप्समध्ये असतो: आकडा मर्यादेबाहेर गेला तर त्याला उलटू न देता टोकावरच थांबवायचं. याला सॅच्युरेशन म्हणतात. वरच्या फिल्टरमध्ये −१५३ च्या जागी −१२८ धरला तर पुढची उत्तरं २०, ८१, −७६ अशी होत विरत जातात, उरते ती फार तर राउंडिंगची बारीक थरथर. पहिल्या क्रमाच्या उदाहरणात मात्र सॅच्युरेशनने आउटपुट १२७ वर बसेल. शांत, पण चुकीचं. तिथे खरा उपाय इनपुट आधीच आठाने लहान करण्याचा आहे, म्हणजे ते बेरजेत मावेल.

दोन्ही दोष ओळखायला महागडं साधन लागत नाही. आउटपुट दोन-चार पायऱ्यांच्या उंचीवर अडकलं असेल तर राउंडिंगकडे पाहा, आणि ते पूर्ण मर्यादेच्या आसपास उड्या मारत असेल तर ओव्हरफ्लोकडे. असा फिल्टर लिहिलात तर त्याला आधी एक मोठं धन इनपुट देऊन मग शून्य द्या, नंतर मोठं ऋण इनपुट देऊन पुन्हा शून्य द्या, आणि दोन्ही वेळा आउटपुट कुठे थांबतं ते पाहा. एकाच बाजूने तपासलेल्या फिल्टरवर विश्वास ठेवू नका.