कमी दर भरूनही निविदा का हुकते?

सरकारी काम सर्वांत कमी दर भरणाऱ्यालाच मिळते, हे सल्लागार सेवांच्या निविदांत अनेकदा खरे नसते. तिथे गुणवत्ता आणि दर दोन्ही मोजले जातात. समजा, एका नगरपरिषदेने पाणीपुरवठ्याच्या आराखड्यासाठी तांत्रिक प्रस्तावाला ७० आणि दराला ३० टक्के भार दिला आहे. ‘अ’ला तांत्रिक गुण ९०, दर ५० लाख, ‘ब’ला गुण ७५, दर ४० लाख. सर्वांत कमी दराला १०० गुण, म्हणून ५० लाखांना ८०. एकत्रित बेरीज: ‘अ’ ८७, ‘ब’ ८२.५. दहा लाखांनी महाग असूनही काम ‘अ’ला.

पण ‘अ’चे तांत्रिक गुण ८० वर आले असते, तर बेरीज ८० होऊन काम गेले असते. असे गुण बहुधा कागदांत गळतात. पूर्ण केलेल्या कामांना गुण असताना कार्यादेश जोडला आणि पूर्णत्वाचा दाखला राहिला, तर अनुभव असूनही गुण मिळत नाहीत. म्हणून प्रस्ताव निकषांच्याच क्रमाने लिहावा. सुरुवातीला तक्ता द्यावा: निकष, आपला दावा, पुराव्याचा पान क्रमांक. समिती तिथूनच गुण देत जाते.

दर मात्र फक्त आर्थिक लिफाफ्यातच. तांत्रिक लिफाफ्यात त्याचा उल्लेख आला, तर प्रस्ताव सहसा बादच होतो.