सैल चड्डी, गरम पाणी आणि तीन महिन्यांचा हिशेब

मागच्या वर्षी सप्टेंबरअखेरीस एक तिशीच्या आतला तरुण माझ्या दवाखान्यात आला. आधी नुसता बसून राहिला. शेवटचा पेशंट गेल्यावर त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. तो वीर्यतपासणीचा रिपोर्ट होता. लग्नाला दीड वर्ष झाले होते. पहिले सहा महिने तो पुण्यात नोकरीला आणि पत्नी गावी, म्हणजे एकत्र संसार असा वर्षाचाच. पण घरात आईची बोलणी सुरू झाली होती आणि ती सगळी सुनेला ऐकावी लागत होती. तिची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी झाली, त्यात काही दोष निघाला नाही. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून हा स्वतः तालुक्याला जाऊन तपासणी करून आला.

रिपोर्टमध्ये एका मिलिलिटरमागे शुक्राणू सत्तर लाख होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेली खालची मर्यादा एक कोटी साठ लाखांची आहे. हालचाल करणारे शुक्राणू शेकडा वीस होते, ते निदान बेचाळीस असावेत. "डॉक्टर, मी घट्ट अंडरवेअर घालतो, मोबाईल पँटच्या खिशात असतो, आंघोळीला कढत पाणी लागतं. यातलं नेमकं कशानं झालं?" त्याने विचारले.

वाचकहो, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

निसर्गाने वृषण पोटाबाहेर पिशवीत ठेवले आहेत, कारण शुक्राणू तयार होण्यासाठी शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सियस कमी तापमान लागते. थंडीत ही पिशवी आक्रसून वर जाते आणि उन्हाळ्यात सैल सुटते, ती त्यासाठीच. तेव्हा उष्णतेची भीती अगदीच निराधार नाही. प्रश्न आहे तो किती उष्णता आणि किती वेळ, याचा.

घट्ट अंडरवेअरबद्दल अमेरिकेत ६५६ पुरुषांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. सैल चड्डी घालणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंचे प्रमाण सुमारे पंचवीस टक्के जास्त आढळले. मात्र घट्ट घालणाऱ्यांचे सरासरी आकडेही मर्यादेच्या बरेच वर होते. ज्याची संख्या मुळातच काठावर आहे त्याने सैल सुती चड्डी घालावी, त्यात नुकसान काहीच नाही. पण केवळ चड्डीमुळे मूल होत नाही, असे सहसा घडत नाही.

कढत पाण्याचे म्हणाल तर आपल्याकडची आंघोळ बादलीची. तांब्याने अंगावर घेतलेले पाणी क्षणात ओघळून जाते. त्रास होतो तो गरम पाण्याच्या टबात अर्धा-अर्धा तास वारंवार बसणाऱ्यांना. भट्टीसमोर तासन्‌तास उभे राहणाऱ्या कामगारालाही हा धोका असतो. उष्णतेचा संपर्क थांबला की बहुतेकांची संख्या काही महिन्यांत सुधारते.

लॅपटॉपची गोष्ट गमतीची आहे. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातील डॉक्टरांनी २९ निरोगी तरुणांना एक तास मांडीवर लॅपटॉप घेऊन बसवले. पिशवीचे तापमान अडीच अंशांहून थोडे अधिक वाढले. पण त्याच तरुणांना लॅपटॉपशिवाय तशाच मांड्या जुळवून बसवले, तेव्हाही ते दोन अंशांहून थोडे अधिक वाढलेच. म्हणजे बराचसा दोष बसण्याच्या पद्धतीचा. शिवाय त्यांनी तापमान मोजले होते, शुक्राणू नव्हे. लॅपटॉप टेबलावर ठेवावा आणि मधूनमधून उठावे, एवढे पुरे.

आता मोबाईल. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे २,९०० तरुणांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ साली आले. दिवसातून वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांत शुक्राणू काहीसे कमी आढळले. पण फोन कोणत्या खिशात ठेवतात याने फरक पडलेला दिसला नाही. जास्त फोन वापरणाऱ्याच्या राहणीत इतरही गोष्टी वेगळ्या असू शकतात, त्यामुळे दोष फोनच्या लहरींचाच, असे म्हणता येत नाही.

मग आमच्या तरुणाचे काय झाले होते? मी त्याला विचारले, "गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का?" तो म्हणाला, "ऑगस्टमध्ये टायफॉईड झाला होता. नऊ दिवस एकशेतीनपर्यंत ताप होता."

उत्तर तिथे होते. शुक्राणू मूळ पेशीपासून तयार व्हायला सुमारे सत्तर दिवस लागतात आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर आणखी एक-दोन आठवडे जातात. आज तपासलेले वीर्य हा साधारण अडीच-तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेला माल असतो. कडक तापात सगळे शरीरच तापते, पिशवी वृषणांना वाचवू शकत नाही. त्याचा परिणाम ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी दिसू लागतो आणि दोन-तीन महिने टिकतो. याची तपासणी झाली होती टायफॉईडनंतर सात आठवड्यांनी, म्हणजे नेमकी वाईट वेळी.

मी त्याच्या वृषणांचा आकार पाहिला, उभे करून शिरा फुगल्या आहेत का तेही पाहिले. दोष नव्हता. तंबाखू मात्र दिवसाला चार पुड्या होती, ती सोडायला सांगितली. पुढची तपासणी डिसेंबरच्या मध्यावर ठरवली. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध नको, नमुना पूर्ण पकडायचा आणि तासाच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचा, हेही सांगितले. बहुतेक शुक्राणू पहिल्या थेंबांत असतात. तेच सांडले तर रिपोर्ट खोटाच वाईट येतो.

डिसेंबरमध्ये संख्या तीन कोटी चाळीस लाख आली, हालचाल शेकडा अठ्ठेचाळीस. तो आनंदाने म्हणाला, "सैल चड्डी आणि त्या पावडरीनं काम केलं!" मधल्या काळात त्याने शहरातून चार हजारांची शक्तिवर्धक पावडर आणली होती. मी त्याला तारखा मांडून दाखवल्या. तापाचा काळ संपला होता, संख्या वाढणारच होती. अशी औषधे विकणाऱ्यांचा धंदा याच तीन महिन्यांवर चालतो.

ज्यांना ताप आलेला नाही आणि तरी दोन्ही तपासण्या कमी आल्या, त्यांनी खरी कारणे शोधावीत. पिशवीतल्या फुगलेल्या शिरा, लहानपणी न उतरलेला वृषण, वयात आल्यावर गालफुगीसोबत वृषणाला आलेली सूज, तंबाखू, दारू, लठ्ठपणा ही त्यांतली नेहमीची. अलीकडे जिममध्ये दंड फुगवण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणारे तरुण येतात. बाहेरून हे हार्मोन मिळाले की मेंदू वृषणांना आदेश देणे थांबवतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. इंजेक्शने बंद केल्यावरही भरून यायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो. शून्य संख्या आली तर तीन महिने थांबू नये, तज्ज्ञांकडे जावे.

त्या तरुणाला मी शेवटी म्हटले, "हे दोन्ही कागद आईला दाखव आणि तारखा समजावून सांग." परवा तो पत्नीला घेऊन आला, तिसरा महिना आहे. सोबत सासूबाईही होत्या. त्या सुनेचा हात धरून पायरी चढल्या.