सत्तर आणि तेरा

रात्री आठला मेडिसिन वॉर्डात ड्युटी बदलते. जाणारी सिस्टर आणि येणारी सिस्टर हँडओव्हरचा कागद हातात घेऊन एकेका खाटेपाशी थांबतात. निदान, औषधं, सलाईन यांच्या शेजारी कागदावर आणखी दोन खुणा असतात. एक रुग्ण पडण्याच्या धोक्याची, दुसरी बेडसोरची.

उदाहरणादाखल ७२ वर्षांच्या एका आजी घेऊ. हृदय कमजोर, पायांवर सूज, जोडीला मधुमेह. पडण्याचा धोका मॉर्स मापनाने काढतात. गेल्या तीन महिन्यांत घरी पडल्या, त्याचे २५ गुण. एकाहून अधिक आजार, १५. हाताला सलाईनची सुई, २०. चाल अशक्त, १०. एकूण ७०. बऱ्याच ठिकाणी ४५ पासून धोका मोठा धरतात. बेडसोरसाठी ब्रेडन मापन आहे. त्यात संवेदना, ओलसरपणा, हालचाल, आहार अशा सहा बाबी पाहतात. आजींचे गुण १३.

घोटाळा इथेच होतो. मॉर्समध्ये आकडा वाढला की धोका वाढतो. ब्रेडनमध्ये आकडा घटला की वाढतो, आणि १८ किंवा त्याखाली आला की सावध व्हायचं. नुसते ‘७०’ आणि ‘१३’ लिहिले, तर दमलेल्या नजरेला तेरा हा किरकोळ आकडा वाटतो. म्हणून आकड्यापुढे काय करायचं ते लिहावं लागतं.

तेही नेमकं. ‘पडण्याचा धोका, उठू देऊ नये’ एवढंच लिहिलं, तर आजी रात्रभर एकाच कुशीवर राहतील आणि बेडसोरला वाट मोकळी होईल. शिवाय संध्याकाळी सहाला त्यांना लघवी वाढवणारी गोळी दिलेली आहे. तिचा परिणाम सहाएक तास टिकतो. घाई झाली की त्या कुणाला हाक न मारता उठणार, कठडा असला तर त्यावरून उतरायला बघणार.

चांगल्या कागदावर ओळ अशी असते: ‘सहाला गोळी दिली. साडेसातला शौचालयात नेलं, पुन्हा साडेनऊला न्यावं. एकटीने उठत नाहीत, आधार लागतो. शेवटची कूस डावी, पावणेआठ. माकडहाडावर डाग, रुपयाएवढा.’

तो डाग दोघींनी मिळून पाहायचा असतो. बोटाने दाबून सोडल्यावर लाली क्षणभर फिकी पडली, तर रक्तप्रवाह शाबूत आहे. तशीच राहिली, तर बेडसोरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. तिथे आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा दुखरी लागते का, हे हाताने चाचपावं लागतं.

साडेनऊला रात्रपाळीची सिस्टर आजींना आधार देऊन शौचालयात नेते. परतल्यावर माकडहाडाची जागा पुन्हा चाचपते, उजव्या कुशीवर वळवून पाठीशी उशी लावते, हाक मारायची घंटा हाताशी ठेवते आणि कागदावर नवी वेळ लिहिते.